हेअर ड्रायरची पुस्तिका कोणत्या चिनीत लिहायची?

头发发干. हेअर ड्रायरच्या चिनी माहितीपुस्तिकेत ही चार अक्षरं सहज सापडू शकतात. अर्थ एवढाच, की केस कोरडे पडतात. ड्रायर एकाच जागी फार वेळ धरला तर काय होईल, ते सांगणाऱ्या वाक्याचा हा तुकडा. यातलं दुसरं आणि तिसरं अक्षर नीट पाहा. दोन्ही तंतोतंत एक आहेत आणि दोन्हींचा उच्चार, सुरांचा चढउतार सोडला तर, ‘फा’ असाच आहे. आता हाच तुकडा तैवानमधल्या ग्राहकासाठी छापायचा झाला तर तो असा दिसतो: 頭髮發乾. चारही अक्षरं बदलली हे तर आहेच, पण आधी जुळी दिसणारी मधली दोन अक्षरं आता एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. पहिल्या ‘फा’चा अर्थ केस. दुसऱ्याचा अर्थ बाहेर पडणं, निर्माण होणं, होऊ लागणं.

चीनच्या मुख्य भूमीत आज जी अक्षरं चालतात त्यांना सरलीकृत म्हणतात, आणि तैवान, हाँगकाँग, मकाव इथे चालतात ती पारंपरिक. एखाद्या वस्तूची पुस्तिका ‘चिनीत’ करून हवी असते तेव्हा या दोहोंपैकी कोणती अक्षरं घ्यायची, हा प्रश्न पुण्यामुंबईतल्या भाषांतर कंपन्यांपुढेही येतो. त्याचं उत्तर बहुधा घाईत दिलं जातं. एक फाइल तयार करायची, दुसरी संगणकाकडून बदलून घ्यायची, की काम झालं, असा समज असतो. तो का चुकीचा आहे, हे या एका ड्रायरच्या पुस्तिकेवरून चांगलं दिसतं.

आधी ही दोन रूपं आली कुठून ते पाहू. साक्षरता वाढावी, लिहिणं सोपं व्हावं म्हणून चीन सरकारने १९५६ मध्ये अक्षरं सोपी करण्याची योजना जाहीर केली आणि १९६४ मध्ये सोप्या अक्षरांची एकत्रित यादी काढली. सोपं करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या. काही अक्षरांची हस्तलिखितात आधीपासून रुळलेली जलद रूपं उचलली. काहींचा एखादा भाग गाळला. डोकं या अर्थाचं 頭 हे अक्षर १६ रेघांचं होतं, त्याचं 头 असं ५ रेघांचं झालं. एक पद्धत मात्र अशी होती, की दोन वेगळ्या शब्दांसाठी असलेली, सारख्या उच्चाराची दोन अक्षरं एकाच सोप्या अक्षरात घालायची. 發 आणि 髮 दोन्ही 发 मध्ये गेली ती अशी. कोरडं या अर्थाचं 乾 आणि काम करणं, खोड या अर्थाचं 幹 ही दोन्ही अक्षरं 干 या तीन रेघांच्या अक्षरात गेली. गंमत अशी, की 干 हे अक्षर पूर्वीपासून स्वतंत्रपणे होतंच, अडथळा आणणं वगैरे अर्थाने. म्हणजे तिघांचा संसार एका घरात आला. १९७७ मध्ये आणखी अक्षरं सोपी करण्याची दुसरी फेरी निघाली होती, पण ती लोकांच्या अंगवळणी पडली नाही आणि १९८६ मध्ये मागे घेतली गेली.

सिंगापूरने १९६९ मध्ये स्वतःची सोप्या अक्षरांची यादी काढली आणि पुढे १९७६ मध्ये ती चीनच्या यादीशी जुळवून घेतली. मलेशियातल्या चिनी शाळांनीही सोपी अक्षरं स्वीकारली, तरी तिथल्या काही चिनी वर्तमानपत्रांत मथळे पारंपरिक अक्षरांत आणि मजकूर सोप्या अक्षरांत अशी जोडी दिसते. तैवान, हाँगकाँग आणि मकाव मात्र या वाटेला गेले नाहीत. तैवानमध्ये तर आपल्या अक्षरांना ‘जटिल’ म्हणण्यापेक्षा ‘शुद्ध रूप’ अशा अर्थाचा शब्द वापरणं अनेकांना आवडतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. चुकीच्या अक्षरांतली पुस्तिका हातात पडली म्हणून वाचकाला काहीच कळत नाही, असं होत नाही. तैवानचा शिकलेला माणूस सोपी अक्षरं बरीचशी अंदाजाने लावतो. मुख्य भूमीतल्या लोकांनीही हाँगकाँगचे चित्रपट, गाण्यांच्या ओळी, दुकानांच्या जुन्या पाट्या यांतून पारंपरिक अक्षरं पाहिलेली असतात. शिवाय दोन्हींत सारखीच असलेली अक्षरंही पुष्कळ आहेत. पण अंदाजाने वाचणं वेळखाऊ असतं, आणि पाण्याजवळ ड्रायर वापरू नका ही सूचना अंदाजाने वाचायची नसते. दुसरं असं, की तैवानमध्ये सोप्या अक्षरांतली पुस्तिका निघाली की ग्राहकाची पहिली समजूत होते, ही वस्तू आपल्यासाठी बनवलेलीच नाही, कुठून तरी वळवून आणली आहे. मग वॉरंटी तरी खरी असेल का, इथपर्यंत ती शंका जाते.

मुख्य भूमीच्या बाबतीत तर निवडीला जागाच नाही. २००१ पासून अमलात असलेल्या तिथल्या भाषाविषयक कायद्यानुसार देशात विकल्या जाणाऱ्या मालाचं वेष्टन आणि माहितीपत्रक प्रमाण भाषेत आणि प्रमाण अक्षरांत असावं लागतं. पारंपरिक अक्षरांना सुलेखन, जुने ग्रंथ, संशोधन अशा ठरावीक ठिकाणी मोकळीक आहे. ड्रायर त्यांत बसत नाही.

तेव्हा अक्षरं कोणती, हे ठरवायला फार वेळ लागत नाही. बाजार सांगा, अक्षरं ठरली. गुंता पुढे आहे.

समजा, क्वांगतोंगमधल्या एका कारखान्यात ड्रायर बनतो आणि तो मुख्य भूमी, तैवान, हाँगकाँग आणि सिंगापूर या चार ठिकाणी विकायचा आहे. मूळ पुस्तिका साहजिकच सोप्या अक्षरांत आहे. त्यात एक साधी सूचना आहे: आधी टॉवेलने केस अर्धवट कोरडे करून घ्या. खाली पहिल्या ओळीत मूळ वाक्य आहे, दुसऱ्या ओळीत अक्षराला अक्षर ठेवून केलेलं रूपांतर, आणि तिसऱ्या ओळीत जे हवं ते.

```
先用毛巾将头发擦至半干。
先用毛巾將頭發擦至半幹。
先用毛巾將頭髮擦至半乾。
```

दुसऱ्या ओळीत दोन चुका आहेत. ‘केस’ या शब्दात केसांचं अक्षर न येता ‘निर्माण होणं’चं अक्षर आलं आणि ‘कोरडं’च्या जागी ‘काम करणं’ आलं. हे दुसरं अक्षर तैवानी बोलीत एक अर्वाच्य शिवी म्हणूनही चालतं, त्यामुळे ते डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही. उलट दिशेने मात्र हा घोळ फारच कमी होतो. दोन अक्षरांचं एक करायचं तर विचारायचं काय? 髮 असो की 發, दोन्हींचं 发. काही अपवाद आहेत, पण मोजकेच. म्हणून ज्यांना दोन्ही रूपं सांभाळायची असतात त्यांनी आधी पारंपरिक मजकूर पक्का करून मग त्यावरून सोपा काढावा, असं काही अनुभवी मंडळी सुचवतात. अक्षरांपुरता हा सल्ला बरोबर आहे. पण मूळ मजकूरच मुख्य भूमीतल्या कारखान्यात लिहिला जात असेल तर तो पाळता येत नाही, आणि बहुतेक वेळा परिस्थिती तीच असते.

आजची रूपांतराची साधनं अर्थात अक्षराला अक्षर एवढ्यावर थांबत नाहीत. ओपनसीसी नावाचं एक खुलं, विनामूल्य साधन यासाठी खूप वापरलं जातं. त्याच्याजवळ शब्दांचा कोश असतो. वाक्य वाचताना ते कोशात सापडेल तेवढा मोठा तुकडा एकत्र उचलतं आणि तो अख्खा बदलतं. ‘केस’ हा दोन अक्षरांचा शब्द कोशात आहे, त्यामुळे तो नीट बदलला जातो. तैवानसाठी, तिथले शब्दही बदलून हवे असतील तर आज्ञा अशी द्यायची:

```
opencc -i manual_cn.txt -o manual_tw.txt -c s2twp.json
```

शेवटच्या नावातला `tw` तैवानसाठी आणि `p` शब्दसमूहांसाठी. हाँगकाँगसाठी `s2hk.json` अशी वेगळी मांडणी आहे. हे साधन चांगलं आहे आणि ते वापरू नये असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्याची मर्यादा कोशाइतकीच आहे. चिनी लिखाणात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, त्यामुळे कुठे शब्द संपला आणि कुठे सुरू झाला हे साधनाला ओळखावं लागतं. पुस्तिकेतले मथळे, बटणांवरची नावं, आकृतीवरचे शब्द हे तर दोन-तीन अक्षरांचे तुटक तुकडे असतात. ‘कोरडे केस’ असं बटणाचं नाव 干发 एवढंच लिहिलेलं असेल तर आजूबाजूला संदर्भ नसतो, आणि दोन्ही अक्षरं नेमकी घोळ घालणारी. अशा ठिकाणी माणसानेच पाहावं लागतं.

आता समजा, अक्षरं एकूण एक बरोबर आली. तरीही पुस्तिका तैवानची झाली का? नाही, कारण शब्द मुख्य भूमीचे राहिले. ड्रायरला तीन वेग असतील तर मुख्य भूमीत त्या प्रत्येक पायरीला गाडीच्या गिअरसाठी असतो तो शब्द, 档, वापरतात. तैवानमध्ये त्यासाठी 段 म्हणतात, म्हणजे टप्पा. मुख्य भूमीत गुणवत्तेला 质量 म्हणतात. तीच दोन अक्षरं पारंपरिक रूपात तैवानी विद्यार्थ्याला दिली तर त्याला भौतिकशास्त्रातलं वस्तुमान आठवेल. तिथे गुणवत्तेला 品質 म्हणतात. ड्रायर मोबाइलशी जोडता येणारा असेल तर सॉफ्टवेअर, नेटवर्क, प्रोग्राम, स्क्रीन या सगळ्यांसाठी दोन्हीकडे वेगवेगळे शब्द आहेत. यंत्राच्या छोट्या पडद्यावर तक्ता दिसत असेल तर धोका आणखी वाढतो. आडव्या ओळीला मुख्य भूमीत 行 म्हणतात आणि उभ्या रांगेला 列, आणि तैवानमध्ये 列 म्हणजे आडवी ओळ. ‘तिसऱ्या 列 मधला आकडा बदला’ असं वाचून दोन ठिकाणचे ग्राहक दोन वेगळे आकडे बदलतील, आणि दोघांनीही सूचना अगदी नीट पाळलेली असेल.

हाँगकाँगची तऱ्हा निराळीच आहे. अक्षरं तैवानसारखी, पण तांत्रिक शब्द पुष्कळदा मुख्य भूमीच्या जवळचे. सॉफ्टवेअर, प्रिंटर, नेटवर्क यांना हाँगकाँगमध्ये मुख्य भूमीचाच शब्द पारंपरिक अक्षरांत लिहितात. म्हणून तैवानची फाइल तशीच हाँगकाँगला पाठवली तर ती परकी वाटते. त्यात पुन्हा खास हाँगकाँगचे शब्द आहेत. ड्रायरला मुख्य भूमीत आणि तैवानमध्ये जे म्हणतात त्याचा अर्थ वारा फुंकणारं यंत्र असा होतो. हाँगकाँगचा माणूस त्याला 風筒 म्हणतो, म्हणजे वाऱ्याची नळी. लहानसहान अक्षरांतही फरक पडतो. ‘आत’ या अर्थाचं अक्षर तैवानमध्ये 裡 असं लिहितात, हाँगकाँगमध्ये 裏 असं. घटक दोन्हींत तेच, फक्त मांडणी निराळी. मात्र हाँगकाँगमध्ये लोक कँटोनीज बोलतात म्हणून पुस्तिका बोली कँटोनीजमध्ये लिहावी, असा काहींचा समज होतो तो बरोबर नाही. तिथेही पुस्तिका प्रमाण लेखी भाषेतच असतात. फक्त शब्दांची निवड स्थानिक असते.

वॉरंटीचा भाग सगळ्यांत नाजूक. मुख्य भूमीत वॉरंटीला 保修 म्हणतात, तैवानमध्ये 保固, आणि हाँगकाँगमध्ये सर्रास 保養. हा शेवटचा शब्द मुख्य भूमीतही आहे, पण तिथे त्याचा अर्थ देखभाल, निगा. आता कारखान्याच्या पुस्तिकेत ‘निगा आणि सफाई’ असं एक प्रकरण असतंच. जाळीवरचा धूळ-केसांचा थर ब्रशने काढा, ओल्या कापडाने पुसण्याआधी प्लग काढा वगैरे. त्याचा मथळा जसाच्या तसा पारंपरिक अक्षरांत गेला की हाँगकाँगचा ग्राहक वॉरंटी शोधत त्या पानावर येऊ शकतो आणि तिथे त्याला ब्रशने जाळी कशी साफ करायची ते सापडतं. हाँगकाँगमध्ये या शब्दाला निगेचा अर्थही आहे, त्यामुळे मथळा चूक आहे असंही म्हणता येत नाही आणि तो सोडूनही देता येत नाही. सरळ ‘सफाई’ असा मथळा द्यावा आणि वॉरंटीच्या पानासाठी तो शब्द राखून ठेवावा, हे बरं.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट असते. मुख्य भूमीच्या पुस्तिकेत शेवटी बहुधा ‘तीन हमी’ यांचा उल्लेख येतो: दुरुस्ती, बदलून देणं आणि माल परत घेणं. ही तिथल्या नियमांनी आलेली कल्पना आहे. तैवान किंवा सिंगापूरच्या ग्राहकाला तिचं भाषांतर करून देणं म्हणजे त्याच्या देशात नसलेल्या नियमाचं आश्वासन देणं. इथे भाषांतर करायचं नसतं. ते पान काढून त्या बाजारातल्या वितरकाकडून आलेलं पान घालायचं असतं.

विजेचंही तसंच. मुख्य भूमीत घरगुती वीज २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तैवानमध्ये ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ. हाँगकाँगमध्ये २२० व्होल्ट, पण प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. सिंगापूरमध्ये २३० व्होल्ट आणि प्लग हाँगकाँगसारखाच. आता हे अक्षरांशी ताडून पाहा. अक्षरांच्या हिशेबाने मुख्य भूमी आणि सिंगापूर एका बाजूला, तैवान आणि हाँगकाँग दुसऱ्या बाजूला. प्लगच्या हिशेबाने सिंगापूर आणि हाँगकाँग एकत्र, आणि तैवान एकटं. शब्दांच्या हिशेबाने तिसरीच वाटणी. सिंगापूरमध्ये सोपी अक्षरं असली तरी एअर कंडिशनरला ते तैवान-हाँगकाँगसारखं ‘थंड हवा’ अशा अर्थाने 冷气 म्हणतात. मुख्य भूमीत 空调 म्हणतात. ‘सोप्या अक्षरांची आवृत्ती’ आणि ‘पारंपरिक अक्षरांची आवृत्ती’ अशी दोन कप्प्यांत वाटणी केली की या तीनही गोष्टी चुकीच्या ठिकाणी चिकटून जातात.

विजेतली चूक महागात पडते. तापणाऱ्या तारेचा रोध तोच धरला तर व्होल्ट दुप्पट झाल्यावर शक्ती चौपट होते. ११० व्होल्टचा ड्रायर २२० वर लावला तर तार क्षणात लाल होऊन जळते. २२० चा ११० वर लावला तर तो जेमतेम कोमट वारा देतो आणि ग्राहक तो बिघडला म्हणून परत करतो. म्हणून फाइलचं नाव ‘पारंपरिक’ असं ठेवू नये. बाजाराच्या नावाने ठेवावं. संगणकाच्या जगात त्यासाठी ठरलेल्या खुणा आहेत: `zh-CN`, `zh-TW`, `zh-HK`, `zh-SG`. अक्षरांपुरतं बोलायचं असेल तेव्हा `zh-Hans` आणि `zh-Hant`. या दुसऱ्या जोडीत बाजार येत नाही, आणि ड्रायर तर बाजारात विकला जातो.

मजकूर झाला की छपाई. इथे एक कमी माहितीची अडचण येते. संगणकातल्या युनिकोड पद्धतीत अनेक चिनी अक्षरांना सगळ्या प्रदेशांसाठी मिळून एकच क्रमांक दिलेला आहे. हाड या अर्थाचं 骨 घ्या. मुख्य भूमीच्या प्रमाण रूपात त्याच्या वरच्या भागातला छोटा कोपरा एका बाजूला असतो, तैवानच्या रूपात दुसऱ्या बाजूला. अक्षर कोणतं हे क्रमांक सांगतो आणि आकार कसा दिसेल हे फाँट ठरवतो. पारंपरिक मजकूर मुख्य भूमीच्या फाँटमध्ये छापला तर वाचता येतो, पण काही अक्षरं तैवानी डोळ्यांना खटकतात. याच कारणासाठी नोटो सान्ससारख्या फाँटच्या मुख्य भूमी, तैवान आणि हाँगकाँग अशा वेगळ्या आवृत्त्या निघाल्या आहेत. विरामचिन्हांतही तेच. मुख्य भूमीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम आपल्या चौकटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बसतात, तैवानमध्ये चौकटीच्या मधोमध. मुख्य भूमीत अवतरणासाठी आपल्यासारखी “ ” चिन्हं, तैवानमध्ये 「 」. पुस्तिका खरोखर तिथली आहे की वळवलेली, हे जाणकार वाचक एकही शब्द न वाचता या चिन्हांवरून ओळखतो.

आकाराचाही विचार करावा लागतो. केसांचं सोपं अक्षर ५ रेघांचं आहे, पारंपरिक १५ रेघांचं. ओळीतली जागा दोघंही सारखीच घेतात, त्यामुळे पानांची संख्या बदलत नाही आणि मांडणी करणाऱ्याला वाटतं, सगळं जिथल्या तिथे बसलं. पण घडी घालून खोक्यात कोंबायच्या पातळ कागदावर ६ पॉइंटात छापलं की १५ रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो. पारंपरिक आवृत्तीसाठी अक्षरं थोडी मोठी घ्यावीत, निदान सुरक्षेच्या सूचनांपुरती तरी. त्यासाठी घडीत एखादं पान वाढलं तर वाढू द्यावं.

तपासणी कशी करायची? एक सोपी युक्ती आहे. तैवानमध्ये १९८० च्या दशकात बिग-फाइव्ह नावाची संगणकीय अक्षरसंहिता तयार झाली. तिच्यात १३ हजारांवर पारंपरिक अक्षरं आहेत, 头 किंवा 发 यांसारखी सोपी अक्षरं नाहीत. म्हणून तैवानची फाइल त्या संहितेत बदलून पाहायची:

```
iconv -f UTF-8 -t BIG5 manual_tw.txt > /dev/null
```

कुठे सोपं अक्षर चुकून राहिलं असेल तर आज्ञा तिथेच अडते आणि जागा सांगते. एखादं नवं चिन्ह संहितेत नसेल तर विनाकारणही अडते, पण ते पाहून सोडून देता येतं. खरी अडचण वेगळी आहे. 干, 后, 里, 只, 面 ही अक्षरं पारंपरिक लिपीतही स्वतःच्या वेगळ्या अर्थाने आहेत, म्हणून ती बिग-फाइव्हमध्ये आहेत आणि या चाळणीतून बिनधोक निसटतात. 发 चं चुकून 發 झालं असेल तर तेही निसटतं, कारण 發 खरंखुरं पारंपरिक अक्षर आहे, फक्त चुकीच्या जागी. तेव्हा अशा अक्षरांची छोटी यादी हाताशी ठेवावी आणि फाइलमध्ये प्रत्येकाचा शोध घेऊन शेजारचं अक्षर पाहावं. ड्रायरच्या पुस्तिकेत यासाठी अर्धा तास पुरतो. पावभाजणीच्या किंवा नूडल्सच्या यंत्राची पुस्तिका असेल तर 面 वर विशेष लक्ष ठेवावं. चेहरा किंवा पृष्ठभाग आणि मैदा किंवा शेवया, दोन्ही अर्थ सोप्या लिपीत त्या एका अक्षरात आहेत, आणि पारंपरिक लिपीत शेवयांचं अक्षर 麵 असं वेगळं आहे.

खर्चाचा प्रश्न येतोच. चार बाजारांसाठी चार भाषांतरकार प्रत्येक कंपनीला परवडत नाहीत. माझं मत असं, की मुख्य भूमी आणि तैवान यांच्यासाठी दोन स्वतंत्र मजकूर हवेतच. तैवानचा मजकूर साधनाने बदलून सुरू केला तरी चालेल, पण तो तैवानमध्ये वाढलेल्या माणसाने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सुधारलेला असावा. सिंगापूरसाठी मुख्य भूमीच्या फाइलमध्ये वीज, प्लग, वॉरंटी आणि मोजके शब्द बदलले की भागतं. शिवाय तिथे इंग्रजी सर्वत्र चालत असल्याने चिनी पान हे बहुधा जोडीचं पान असतं. हाँगकाँगचं काम वाटतं तितकं किरकोळ नाही. दोनपैकी कोणत्याही फाइलवरून सुरुवात करा, अर्ध्या गोष्टी बदलाव्या लागतात. तिथल्या माणसाकडून निदान मथळे, सुरक्षेच्या सूचना आणि वॉरंटी एवढं तरी वाचून घ्यावं. मकावला हीच आवृत्ती बहुतेक चालते. अमेरिका किंवा कॅनडातल्या चिनी वस्तीसाठी पुस्तिका करायची असेल तर तिथे कोण राहतं ते आधी विचारावं. हाँगकाँग-तैवानहून पूर्वी गेलेली कुटुंबं पारंपरिक वाचतात, मुख्य भूमीतून अलीकडे गेलेली सोपी अक्षरं.

भाषा निवडण्याचा पडदा किंवा खोक्यावरची यादी असेल तर तिथे देशांचे झेंडे लावू नयेत. 简体中文 आणि 繁體中文 एवढी नावं, प्रत्येक त्याच्याच अक्षरांत, पुरेशी आहेत. कोणता भूभाग कोणाचा, या वादात ड्रायरच्या पुस्तिकेने पडण्याचं कारण नाही, आणि झेंडा लावला की ती पडतेच.

वर्षभराने ड्रायरचं नवं मॉडेल येतं, त्यात एक वेग वाढतो, दोन सूचना बदलतात. कारखाना मुख्य भूमीची फाइल सुधारतो आणि कोणीतरी घाईत ती पुन्हा रूपांतराच्या साधनातून काढून तैवानच्या जुन्या फाइलवर ठेवतो. तैवानी भाषांतरकाराने हाताने केलेले सगळे बदल त्या एका क्षणात पुसले जातात, आणि वॉरंटीपासून वेगाच्या टप्प्यांपर्यंत मुख्य भूमीचे शब्द परत येतात. हे टाळायचं तर पहिल्याच वेळी चार बाजारांची एक शब्दसूची करून ठेवावी लागते. डावीकडे मुख्य भूमीचा शब्द, पुढे तैवान, हाँगकाँग, सिंगापूर यांचे, आणि शेवटी तो बदल कोणी सुचवला आणि का, याची एक ओळ. नवं मॉडेल आलं की फक्त बदललेली वाक्यं भाषांतरासाठी जातात, सोबत ही सूची जाते, आणि बाकीचा मजकूर जसाच्या तसा राहतो.